हजार रुपयांची पेटी

श्रावणापासून या सदराकडे जी पत्रे आली, त्यांतले ठाण्याच्या एका भगिनींचे पत्र मी दिवाळी अंकासाठी मुद्दाम राखून ठेवले होते. बाई अठरा वर्षे नोकरीत आहेत. हातात कला आहे. रुखवत मांडायचे असो की हळदीकुंकवाचे वाण सजवायचे असो, आळीतल्या बायका त्यांनाच बोलावतात. शिवाय नोकरीच्या निमित्ताने पंधरा-वीस कचेऱ्यांत त्यांची चांगली ओळख आहे. त्या लिहितात, "दिवाळीत कंपन्या आपल्या माणसांना आणि गिऱ्हाइकांना भेटीच्या पेट्या वाटतात, त्या मी का करू नयेत? सजवायला मी आहे आणि विकायला माझ्या ओळखी आहेत. आणखी काय हवे?"

आणखी काय हवे, तेवढेच आज सांगते. या पेट्यांना बाजारात 'हॅम्पर' म्हणतात. मी स्वतः सात दिवाळ्या हा उद्योग केला आहे आणि त्याआधी बरीच वर्षे एका मोठ्या कचेरीच्या व्यवस्थापन विभागात बसून अशाच पेट्या विकत घेतल्या आहेत, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. यंदाची वेळ आता टळली, पण पुढच्या दिवाळीची तयारी भाऊबीज आटोपली की सुरू करायची असते.

आधी ओळखीचे बघू. ज्या मैत्रिणीबरोबर आपण आठ-सत्तावीसच्या लोकलने दहा वर्षे प्रवास केला, ती पेट्या विकत घेणारी नसते. घेणारे तीन असतात. मनुष्यबळ विभाग पेटी पसंत करतो, खरेदी विभाग भाव पाडतो आणि हिशेब विभाग पैसे देतो. आपली मैत्रीण फार तर पहिल्याचे नाव सांगू शकते. ते नाव मिळाले तरी त्या कचेरीच्या यादीत आपले नाव 'विक्रेता' म्हणून चढल्याशिवाय ऑर्डर लिहून मिळत नाही. त्यासाठी अर्ज, पॅन, रद्द केलेला धनादेश, कर-नोंदणीचा क्रमांक आणि उद्यमचे प्रमाणपत्र असे कागद लागतात. कागद गेल्यावर दोन-तीन आठवडे सहज मोडतात. म्हणून हे काम ज्येष्ठ-आषाढात, काहीही विकायच्या आधी, उरकून ठेवावे. गणपतीनंतर खरेदी विभागातल्या माणसाला आपल्याकडे बघायलाही फुरसत नसते.

ओळखीचा खरा उपयोग निराळाच आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कोणती कचेरी बिलाचे पैसे किती दिवसांनी देते, हे आतल्या माणसाखेरीज कोणी सांगत नाही. हिशेब विभागातल्या एखाद्या ताईंना चहा पिता पिता विचारावे, "मागच्या वर्षी पेटीवाल्याचे पैसे कधी गेले हो?" ती तारीख कळली की अर्धा निर्णय झाला.

एक गोष्ट मात्र पाळावी. आपली मैत्रीणच जर पसंती देणारी असेल, तर तिने आपले नाते वरिष्ठांना आधीच लिहून कळवावे. कुणी 'माझे काही बघा' असे म्हटले, तर ती ऑर्डर सोडून द्यावी. आणि सरकारी उद्योगांतल्या ओळखींवर या धंद्यात भिस्त ठेवू नये. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने आपल्या खात्यांना आणि सार्वजनिक उद्योगांना सणाच्या भेटींवर खर्च न करण्याची सूचना दिली, तेव्हा ज्यांनी तिथल्या ओळखींवर सगळा हंगाम उभा केला होता त्यांची ऐन दसऱ्याच्या तोंडावर पंचाईत झाली.

आता पेटीकडे वळू. २०२५ च्या दिवाळीत मी केलेलीच एक ऑर्डर पोटात शिरून दाखवते, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

लोअर परळच्या एका कचेरीला १८० पेट्या हव्या होत्या. मागणी एका ओळीची होती: "पेटी हजार रुपयांची." नवखी बाई लगेच हजार रुपयांत काय काय बसेल याची यादी करू लागते. पण कचेरीच्या तोंडी हजार म्हणजे सगळे धरून हजार. कर, छपाई, वाहतूक, सारे त्यात. असे का, तर भेट म्हणून वाटलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट कंपनीला मिळत नाही. इतर खरेदीत तिला कराचे पैसे परत वळते करता येतात, इथे येत नाहीत. त्यामुळे तिच्या दृष्टीने पेटीची किंमत म्हणजे कर धरून होणारा शेवटचा आकडा. हे कळले की आपणही हिशेब उलटा, शेवटापासून मांडायला शिकतो.

पेटीतल्या सगळ्या वस्तूंवर पाच टक्के कर असेल, तर हजारांतून कर वजा जाऊन ९५२ रुपये आपले. त्यातली एकच वस्तू अठरा टक्क्यांची असेल तर? इथेच बहुतेकींची फसगत होते. त्यांना वाटते, त्या एका वस्तूवर अठरा टक्के पडतील, बाकीच्यांवर पाच. कायदा तसे म्हणत नाही. निरनिराळ्या वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या, तर तो 'मिश्र पुरवठा' होतो आणि त्यातल्या सर्वांत जड कराची वस्तू जी असेल तिचा दर सगळ्या पेटीला लागतो. गंमत अशी की २०१७ च्या या कायद्यात मिश्र पुरवठ्याचे जे उदाहरण दिले आहे, ते मिठाई, चॉकलेट, केक, सुकामेवा आणि सरबते यांच्या संचाचेच आहे. जणू आपल्याच धंद्याकडे बघून लिहिले असावे!

कचेरीतल्या तरुण अधिकाऱ्याला पेटीत परफ्यूमची लहान बाटली हवी होती. मी पितळेची पणती सुचवली होती. दोन्ही वस्तू मला सुमारे १४० रुपयांनाच पडत होत्या. पण परफ्यूमवर कर अठरा टक्के. ती बाटली पेटीत आली की हजारांतले माझे ९५२ चे ८४७ होणार. पेटीमागे १०५ रुपये गेले, आणि १८० पेट्यांत जवळजवळ एकोणीस हजार! २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलल्यानंतर सुकामेवा, फरसाण, चॉकलेट, मेणबत्त्या आणि पितळी भांडी हे सारे पाच टक्क्यांत आले आहे. त्यामुळे आता पाच टक्क्यांत राहूनही देखणी पेटी करता येते. अठरा टक्क्यांची वस्तू हवीच असेल, तर ती निराळी किंमत लावून बिलावर निराळी विकावी लागते. ते कसे लिहायचे हे आपल्या कर-सल्लागाराला आधी विचारावे, माल पोचवल्यावर नव्हे.

त्या अधिकाऱ्याला मी करांविषयी काही सांगितले नाही. सांगायला दुसरे कारण होते, आणि तेही खरेच होते. परफ्यूम, उदबत्ती, सुगंधी मेणबत्ती यांचा वास बंद पेटीत खाण्याच्या वस्तूंना लागतो. पाकीट बंद असले तरी लागतो. पत्र्याच्या डबीतले काजूसुद्धा चार दिवसांनी मोगऱ्याचे लागतात. मी दोन नमुने केले. एकात बाटली, एकात पणती. दोन्ही गच्च बंद करून चार दिवस कपाटात ठेवले आणि पाचव्या दिवशी त्या अधिकाऱ्यापुढेच उघडले. त्याने एक बदाम तोंडात टाकला आणि पणतीचा नमुना आपल्याकडे ओढला. कोणतीही नवी पेटी ठरवण्यापूर्वी ही परीक्षा करावी. खर्च दोन नमुन्यांचा, पण नंतर १८० जणांची नाराजी वाचते.

शेवटी पेटीत काय ठरले ते सांगते. शंभर ग्रॅम बदाम आणि शंभर ग्रॅम काजू, दोन छोट्या गोल डब्यांत. खजूर-अंजिराच्या वड्या. दोनशे ग्रॅम पातळ पोह्यांचा चिवडा. एक पितळेची पणती आणि दोन मातीच्या. वर शुभेच्छापत्र. चॉकलेट मी जाणून टाळले. मुंबईचा ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळा. चॉकलेटातली चरबी चौतीस अंशांच्या आसपास वितळते, मऊ तर त्याआधीच पडते, आणि बंद टेम्पोत त्याहून जास्त उष्मा असतो. वितळून पुन्हा घट्ट झाले की त्याच्यावर पांढुरकी पुटी चढते. खाल्ल्याने काही होत नाही, पण घेणाऱ्याला ती बुरशी वाटते आणि पेटीवाली बदनाम होते.

सुकामेवा मी मस्जिद बंदरहून घेतला, पुठ्ठ्याच्या पेट्या आणि फिती अब्दुल रहमान स्ट्रीटवरून, मातीच्या पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यातून. चिवडा आणि वड्या मी घरी केल्या नाहीत. हात शिवशिवतात, कबूल. परंतु १८० पेट्यांचा चिवडा म्हणजे छत्तीस किलो! तो करायचा, भरायचा, आणि वर प्रत्येक पुडीवर घटक, वजन, केल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक छापायचा. सुटे बदाम आणून आपण डबीत भरले तरी ही नोंदणी आपल्याला लागतेच, आणि ती मी काढलेली आहे. पण चिवडा मी ज्यांच्याकडे परवाना आणि मोठी कढई दोन्ही आहेत अशा महिला मंडळाकडून तयार पुड्यांत घेते.

खर्चाचा आढावा थोडक्यात देते. पेटी, आतल्या वस्तू, डब्या, पत्र आणि फीत मिळून ७२९ रुपये. ही रक्कम सगळ्याच जणी काढतात. पुढचे ७९ रुपये पुष्कळजणी विसरतात. सहा-सहा पेट्या भरायचे बाहेरचे खोके १२, भरणाऱ्या हातांची मजुरी २५, टेम्पो २२, आणि फुटतूट व जादा पेट्या यांसाठी २०. एकूण ८०८. म्हणजे ९५२ मधून १४४ रुपये पेटीमागे उरले. १८० पेट्यांवर सुमारे सव्वीस हजार. परफ्यूमची बाटली घातली असती तर पेटीमागे उरले असते ३९ रुपये, सगळे मिळून सात हजार. दोन महिन्यांच्या धावपळीचे सात हजार! मजुरीचे पंचवीस रुपये शेजारच्या वहिनी घेत नाहीत, नणंद घेत नाही, म्हणून धरू नयेत असे काहींना वाटते. पहिल्या वर्षी घेत नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांना नेमके त्याच दिवशी काम निघते.

इथे एक खुलासा करते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल चाळीस लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून आहे. नोंदणी नसेल तर हजारांतून कर द्यावा लागत नाही, पण खरेदीवर भरलेला कर परत वळता होत नाही, आणि पुष्कळ कचेऱ्या नोंदणीवाचून विक्रेत्याच्या यादीत नावच घेत नाहीत. कोणत्या कचेऱ्या आपले गिऱ्हाईक होणार, ते पाहून हे ठरवावे.

आता ज्या गोष्टीने घरचे ताट हलते ती गोष्ट. १८० पेट्यांचा माल घ्यायला मला साधारण एक लाख पंचेचाळीस हजार रुपये हवे होते, शिवाय खरेदीवरचा कर. मस्जिद बंदरचा व्यापारी हंगामात उधार देत नाही. पेट्यांवर छपाई करणारा तर सगळे पैसे आधी घेतो, कारण कंपनीचे नाव छापलेली पेटी दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नाही. कचेरीने मला निम्मी आगाऊ रक्कम दिली, नव्वद हजार. उरलेले साठ-पासष्ट हजार मी घातले. आणि पेट्या पोचवल्यावर राहिलेले नव्वद हजार यायचे होते. म्हणजे नफा सव्वीस हजारांचा आणि जोखीम नव्वद हजारांची. या दोन आकड्यांकडे एकत्र पाहिल्यावाचून कोणीही 'हो' म्हणू नये.

माझ्या एका जुन्या सहकारी बाईंची हकीगत सांगते. हुशार बाई, माझ्याहून चांगली पेटी सजवतात. त्यांनी एकाच दिवाळीत तीन कचेऱ्यांच्या ऑर्डरी घेतल्या, आणि ओळखीचीच माणसे म्हणून आगाऊ रक्कम मागितली नाही. मुदत ठरली होती पंचेचाळीस दिवसांची. पेट्या वेळेवर गेल्या, सगळीकडून शाबासकी आली. दोन कचेऱ्यांचे पैसे डिसेंबरात आले. तिसऱ्या कचेरीत मात्र त्यांना ऑर्डर देणारा अधिकारीच बदलून गेला. नव्याने विचारले, "पोच कुठे आहे?" बाईंकडे पोच होती ती दरवानाच्या सहीची, शिक्का नसलेली. रोज फोन, रोज नवे उत्तर. तोवर सुकामेव्याचा व्यापारी दारात. बाईंनी लग्नातल्या चार बांगड्या बँकेत ठेवून त्याचे पैसे भागवले. कचेरीने पैसे दिले, पण फेब्रुवारीअखेर. सोन्यावरच्या व्याजाने त्या ऑर्डरीतले जे काही उरायचे होते ते खाऊन टाकले. बाई अजून त्या रस्त्याने जाताना मान वळवतात.

म्हणून माझ्या तीन अटी असतात आणि त्या मी पहिल्या पत्रातच लिहिते. लेखी ऑर्डर आणि निम्मे पैसे हाती आल्यावाचून छपाई सुरू होत नाही. नमुना पसंत झाला की त्याच्या छायाचित्रावर सही घेते, म्हणजे 'फीत लाल ठरली होती' असा वाद पुढे उद्भवत नाही. आणि पोच-पावतीवर संख्या, तारीख, नाव आणि कचेरीचा शिक्का. दरवानाची सही घेऊन मी परत येत नाही, वर जाऊन बसते. पैसे उशिरा आले तरी बिल ज्या महिन्याचे त्या महिन्याचा जीएसटी आपल्याला भरावाच लागतो, हेही लक्षात असावे. छोट्या उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा आहे आणि त्याचा पुष्कळ बोलबाला होतो. पण नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला त्याचा आधार मिळेलच असे धरून चालू नये. आगाऊ रक्कम हाच भरवशाचा आधार.

निम्मी आगाऊ रक्कम मागितली तर ओळखीची माणसे दुखावतील, अशी भीती पत्रलेखिका भगिनींनाही वाटत असणार. मी खरेदीच्या टेबलाशी बसत होते तेव्हाचे सांगते: जो आगाऊ रक्कम मागतो त्याला हिशेब येतो, असेच आम्ही समजत असू. कुरकुर करायचो ती रिवाज म्हणून.

संख्येविषयीही दोन शब्द. १८० म्हणजे कधीच १८० नसतात. मनुष्यबळ विभागाची यादी पगारपत्रकावरून निघते. त्यात दरवान, सफाईच्या बायका, चहा देणारी मुले नसतात, कारण ती कंत्राटदाराची माणसे. आणि पेट्या पोचायच्या आदल्या संध्याकाळी कोणा साहेबांना त्यांची आठवण होते. होते हे चांगलेच! त्या ऑर्डरीत मला रात्री आठला फोन आला, "अजून सहा जमतील का?" मी छापलेल्या पेट्या १९० घेतल्या होत्या आणि वस्तूही तेवढ्याच, म्हणून जमल्या. शंभरामागे पाच जादा हे प्रमाण मला पुरत आले आहे. त्याहून अधिक घेतल्या तर कंपनीचे नाव छापलेले डबे घरात पडून राहतात.

पेट्या भरायचा दिवस म्हणजे घरातले लग्न. दिवाणखान्यातले फर्निचर भिंतीला, सतरंजीवर एका ओळीत वस्तूंच्या राशी, आणि पाच बायका. प्रत्येकीने एकच वस्तू ठेवायची आणि पेटी पुढे सरकवायची. एकीनेच पूर्ण पेटी भरायची ठरवले तर सजावट सुंदर होते आणि दर दहा पेट्यांत एकात काहीतरी राहून जाते. पितळेच्या पणतीला उघडा हात लावू द्यायचा नाही. घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत काळे उमटतात. मी सगळ्यांना सुती हातमोजे देते. आमच्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, आता शस्त्रक्रियाच करायची बाकी राहिली!"

फीत बांधण्याआधी प्रत्येक पेटी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरून जाते. हे मला एका औषधाच्या कारखान्यात काम केलेल्या शेजाऱ्यांनी सुचवले, आणि याहून उपयोगी सूचना मला कोणी दिलेली नाही. पूर्ण भरलेल्या दहा पेट्या आधी तोलून पाहायच्या. आमची पेटी १,२४० ग्रॅमच्या आसपास भरत होती, दहा-पंधरा ग्रॅम इकडे-तिकडे. एखादी पेटी १,१०० दाखवू लागली की समजायचे, बदामाची किंवा काजूची डबी राहिली. १,०४० आली की चिवडा विसरला. पेटी उचकटावी लागत नाही, मोजदाद करावी लागत नाही. त्या दिवशी काट्याने अशा चार पेट्या पकडून दिल्या. त्यातली एकजरी साहेबांच्या हाती पडली असती तर बाकीच्या १७९ कोणाला आठवल्या नसत्या. काट्याला शुभेच्छापत्र मात्र कळत नाही. ते इतके हलके असते की त्याचा फरक दिसत नाही. म्हणून पत्रे मोजून १८० च द्यायची, आणि शेवटी हातात एकही उरता कामा नये.

भरायला आम्हाला साडेसहा तास लागले, जेवणाची वेळ सोडून. दुसऱ्या दिवशी तीस खोकी छोट्या टेम्पोतून गेली. कचेऱ्यांच्या मोठ्या इमारतींत मालाची लिफ्ट ठराविक वेळीच मिळते आणि टेम्पोचा क्रमांक दारावर आदल्या दिवशी नोंदवावा लागतो. हे विचारून ठेवले नाही तर टेम्पोवाला तासाचे भाडे चढवत उभा राहतो आणि बावीस रुपयांचे चाळीस होतात. २०२५ ला धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. माल आम्ही १३ तारखेला पोचवला. त्याहून उशीर झाला तर अर्धी कचेरी गावी निघून गेलेली असते आणि पेट्या टेबलांवर पडून राहतात.

ठाण्याच्या भगिनींचा शेवटचा प्रश्न होता, "नोकरी सोडू का?" माझे उत्तर स्पष्ट आहे: सोडू नका. हा धंदा वर्षातून सात-आठ आठवड्यांचा. नवे वर्ष आणि महिला दिन यांना थोडी मागणी असते, पण दिवाळीच्या मानाने ती किरकोळ. मी सांगितली तशा तीन ऑर्डरी साधल्या तरी पंचाहत्तर-ऐंशी हजार मिळतात, आणि त्यासाठी घरातले जवळजवळ दोन लाख काही आठवडे बाहेर राहू शकतात. पण नोकरीत राहून करायचे तर आपले नेमणुकीचे पत्र काढून वाचा. बऱ्याच पत्रांत दुसरा व्यवसाय न करण्याचे कलम असते. तसे असेल तर लेखी परवानगी मागा, आणि स्वतःच्या कचेरीची ऑर्डर पहिल्या वर्षी घेऊ नका. पहिली ऑर्डर पन्नास पेट्यांची घ्या, एकाच कचेरीची, आणि जिचे पैसे कधी येतात हे त्या हिशेबातल्या ताईंनी सांगितले आहे अशाच कचेरीची.

माझे राहिलेले पैसे त्या वर्षी पस्तिसाव्या दिवशी आले. १९० पैकी सहा पेट्या आयत्या वेळी गेल्या, एक वाहतुकीत चेपली, तीन उरल्या. बदाम-काजू घरात संपले, पितळेच्या पणत्या जपून ठेवल्या आहेत, आणि कंपनीचे नाव छापलेल्या डब्यांत सासूबाईंनी वाती, लोकर आणि शिवणाचे सामान भरून ठेवले आहे.